मजुरीचे बिल आणि मालाचे बिल

‘विक्रीकर’ हा शब्द कायद्याच्या पुस्तकातून जवळजवळ गेला. नाशिकच्या बाजारपेठेतून मात्र गेलेला नाही. मुंबई इलाख्यात हा कर १ ऑक्टोबर १९४६ रोजी आला. पुढे १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा १ जानेवारी १९६० पासून लागू झाला आणि तो पंचेचाळीस वर्षे चालला. १ एप्रिल २००५ पासून त्याची जागा मूल्यवर्धित कराने घेतली, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, आला. पेट्रोल, डिझेल आणि मद्य एवढे सोडले तर दुकानदाराच्या किंवा कारखानदाराच्या बिलावर आज दिसतो तो हाच कर. तरीही भांडीबाजारातला जुना व्यापारी अजून “सेल्स टॅक्सचा नंबर” असेच म्हणतो, आणि आम्हीही या लेखात विक्रीकर म्हणू तेव्हा आमच्या मनात जीएसटीच असेल.

नावे बदलली, पण एक प्रश्न १९४६ पासून तसाच उभा आहे. धंदा केवढा झाला म्हणजे नोंदणी करावी लागते? या प्रश्नाचे जे उत्तर गावात तोंडोतोंडी चालते ते असे : “चाळीस लाखांपर्यंत काही नको.” हे उत्तर खोटे नाही, पण ते अर्धे आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग ठाऊक नसल्यामुळे सातपूर-अंबडच्या गाळ्यांत बसणारी माणसे अडचणीत येतात. यांतले पुष्कळजण काल-परवापर्यंत मोठ्या कारखान्यात लेथवर किंवा मिलिंगवर उभे असत. कारखाना बंद पडला किंवा स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली, हाती आलेल्या रकमेतून एक-दोन जुनी यंत्रे घेतली, गाळा भाड्याने धरला आणि काम सुरू केले, असा हा क्रम. हाताचे कसब त्यांच्याजवळ आहे. हिशेबाचे कागद मात्र आजवर दुसऱ्या कुणीतरी केले होते. कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे ही मंडळी आमच्याकडे येतात, आणि म्हणून हा विषय आम्हाला अभ्यासावा लागला.

कायदा काय म्हणतो ते आधी सरळ पाहू. मूळ नियम असा की एका आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात, ज्याची एकूण उलाढाल २० लाख रुपयांहून जास्त होते त्याने नोंदणी केली पाहिजे. १ एप्रिल २०१९ पासून यात एक सवलत आली. जो केवळ मालाचीच विक्री करतो त्याच्यापुरती ही रेषा महाराष्ट्रात ४० लाखांवर नेली गेली. (आइस्क्रीम, पानमसाला, तंबाखूचे पदार्थ आणि काही प्रकारच्या विटा-कौले यांना ही सवलत नाही.) येथे ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मालाबरोबर थोडीशी का होईना सेवा विकली, म्हणजे मजुरीचे काम केले, दुरुस्ती केली किंवा गाळ्याचा अर्धा भाग दुसऱ्याला भाड्याने दिला, की तो माणूस ‘केवळ मालाचा’ विक्रेता राहत नाही. मग त्याला चाळीसची रेषा लागू नाही. त्याची रेषा वीस लाखांची. बँकेतल्या ठेवीवर मिळणारे व्याज तेवढे यातून वगळले आहे, त्याने सवलत मोडत नाही.

आता मजुरीचे काम म्हणजे काय, हे कसे ओळखायचे? आमच्या मते एकच प्रश्न विचारला म्हणजे पुरते : धातू कुणाचा? आपल्याकडच्या तांबटाचे उदाहरण घ्या. त्याने स्वतः पत्रा विकत आणला, ठोकून हंडा केला आणि गिऱ्हाइकाला विकला, तर ती मालाची विक्री. गिऱ्हाईक आजीच्या वेळचा पिचका हंडा घेऊन आले, त्याने तो ठोकून सारखा करून, कल्हई लावून परत दिला, तर ती सेवा. हातोडी तीच, माणूस तोच, पण कायद्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी कामे आहेत, कारण दुसऱ्याच्या मालावर केलेली कोणतीही प्रक्रिया ही सेवा आहे असे कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे. सराफाकडे स्वतःचे सोने देऊन दागिना घडवून घेतला तर तेथेही हाच न्याय.

अंबडमध्ये ह्याच गोष्टीला ‘जॉबवर्क’ किंवा ‘लेबर जॉब’ म्हणतात. कंपनीचे बार, कंपनीचे कास्टिंग. ते चलनावर गाळ्यात येते, त्यावर टर्निंग किंवा ड्रिलिंग होते आणि ते परत जाते. बिल लागते फक्त मजुरीचे. शंका आली तर कागद पाहावेत. कच्चा माल आपल्या नावाच्या खरेदी-बिलावर आला असेल तर आपण माल विकतो. तो दुसऱ्याच्या चलनावर आला असेल तर आपण मजुरी विकतो. कित्येक गाळ्यांत दोन्ही चालते, आणि खरी गोम तेथेच आहे.

दुसरी एक चूक सार्वत्रिक दिसते. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, आणि बँकेत जमा झालेली रक्कमही नव्हे. वर्षभरात जेवढ्या रकमेची बिले फाडली त्यांची बेरीज म्हणजे उलाढाल, पैसे आलेले असोत वा नसोत. एका पॅन क्रमांकावर जे जे धंदे चालतात त्या साऱ्यांची बेरीज एकत्र धरतात. गाळा स्वतःच्या नावाने आणि घराखालचे किराणा दुकानही त्याच नावाने, तर दोन्ही मिळून एक उलाढाल. करमुक्त मालाची विक्रीसुद्धा ह्या बेरजेत येते. लेथचा लोखंडी चुरा भंगारवाल्याला विकला तर तेही येते. मात्र जॉबवर्कसाठी आलेला कंपनीचा माल आपल्या उलाढालीत धरायचा नाही. पाच लाखांचे कास्टिंग येऊन गेले आणि मजुरी चाळीस हजार झाली, तर उलाढाल चाळीस हजारांची. निफाडचा शेतकरी स्वतः पिकवलेली द्राक्षे विकतो. ती कितीही लाखांची असोत, तेवढ्यापुरते त्याला नोंदणीचे बंधन नाही. पण तोच शेतकरी ट्रॅक्टरचे सुटे भाग विकू लागला तर त्या धंद्याचा हिशेब त्याला ठेवावा लागेल.

आता एक गाळा कल्पून आकडे मांडू, म्हणजे गोष्ट डोळ्यांसमोर येईल. वर्ष २०२५-२६ चे. गाळेवाला स्वतःचा बार आणून बुश करतो. त्याची विक्री महिन्याला २,२०,००० रुपये. त्याखेरीज शेजारच्या कंपनीचे टर्निंग मजुरीवर करतो, त्याचे महिन्याला ५०,०००. वर्षाची बेरीज साधारण ३२ लाख. त्याने ऐकले आहे की चाळीस लाखांपर्यंत काही नको, म्हणून तो निर्धास्त आहे. पण तो मजुरीही करतो, म्हणून त्याची रेषा वीसची. एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांत त्याची बिले झाली १८,९०,००० रुपयांची. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, १४ तारखेपर्यंत, आणखी १,१०,००० ची झाली. बरोबर वीस लाख. वीस लाखांपर्यंत काही नाही. वीस लाखांच्या वर गेले पाहिजे. १५ नोव्हेंबरला त्याने ३६,००० चे बिल फाडले आणि त्या दिवशी तो रेषा ओलांडून गेला. नोंदणीस पात्र होण्याची त्याची तारीख १५ नोव्हेंबर २०२५.

येथे एक भीती दूर केली पाहिजे. पुष्कळांना वाटते की रेषा ओलांडली म्हणजे मागच्या वीस लाखांवरही कर भरावा लागतो. तसे नाही. त्या तारखेपर्यंतची बिले करातून मोकळीच राहतात. कर लागतो तो त्या तारखेपासून पुढे. पण पुढचा सगळा खेळ तीस दिवसांचा आहे. पात्र झाल्यापासून तीस दिवसांत, म्हणजे ह्या गाळेवाल्याने १५ डिसेंबरपर्यंत, अर्ज केला पाहिजे. अर्ज www.gst.gov.in या स्थळावर होतो आणि सरकारी फी काही नाही. पॅन, आधार, छायाचित्र, आणि जागेचा पुरावा म्हणून वीजबिल वा घरपट्टीची पावती लागते. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार किंवा मालकाचे संमतिपत्र. अंबडच्या भाडेकरूंचे घोडे बहुधा या संमतिपत्रापाशीच अडते. गाळामालक सही द्यायला कचरतो, त्याला वाटते आपल्यावर काहीतरी येईल. म्हणून उलाढाल सतरा-अठरा लाखांवर आली की तो कागद आधीच करून ठेवावा. अर्जात त्रुटी नसली तर साधारण सात कामकाजाच्या दिवसांत काम होते. जागेची तपासणी लागली तर महिनाभर जाऊ शकतो.

आपल्या गाळेवाल्याने २८ नोव्हेंबरला अर्ज केला आणि १० डिसेंबरला त्याला प्रमाणपत्र मिळाले असे समजा. तीस दिवसांच्या आत अर्ज केल्यामुळे त्याची नोंदणी १० डिसेंबरपासून नव्हे, तर मागे १५ नोव्हेंबरपासूनच लागू झाली असे कायदा मानतो. याचे त्याला दोन फायदे मिळतात. पहिला असा की १४ नोव्हेंबरच्या रात्री गाळ्यात जो बार पडून होता, समजा ६०,००० रुपयांचा, त्यावर खरेदी करताना भरलेला १८ टक्के कर, म्हणजे १०,८०० रुपये, त्याला पुढच्या करातून वळता करून घेता येतो. व्यापारी याला सेट-ऑफ म्हणतात. त्यासाठी वेगळे निवेदन तीस दिवसांत भरावे लागते. लेथ घेताना भरलेल्या कराचा सेट-ऑफ मात्र अशा वेळी मिळत नाही. मिळतो तो कच्च्या, अर्धवट झालेल्या आणि तयार मालात असलेल्या साहित्याचा.

दुसरा फायदा अधिक मोलाचा. १५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या मधल्या काळात त्याने जी बिले फाडली त्यांवर कर नव्हता, कारण त्याच्याजवळ क्रमांकच नव्हता. ही बिले १,८०,००० रुपयांची धरू. प्रमाणपत्र मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत तो ह्या प्रत्येक बिलाबद्दल ‘सुधारित बीजक’ देऊ शकतो. त्यावर ‘सुधारित बीजक’ हे शब्द ठळक लिहायचे, मूळ बिलाचा क्रमांक व तारीख नोंदायची आणि कर दाखवायचा. अठरा टक्क्यांनी तो ३२,४०० रुपये होतो. गिऱ्हाईक नोंदणी असलेली कंपनी असेल तर ती हा कर देताना फारशी खळखळ करीत नाही, कारण तिला तेवढाच सेट-ऑफ मिळतो.

ह्याच माणसाने काही केले नाही आणि गोष्ट पुढच्या उन्हाळ्यात उघडकीस आली तर? १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च ह्या काळातली त्याची बिले समजा ११,८०,००० ची. कर वेगळा घेतलेला नाही; तेव्हा घेतलेल्या रकमेतच कर आहे असे धरून हिशेब होतो : रक्कम भागिले ११८, गुणिले १८. उत्तर येते १,८०,०००. हे त्याच्या खिशातून जाणार. त्यावर दर साल १८ टक्क्यांनी व्याज, आणि नोंदणी न केल्याबद्दल दंड, जो १०,००० रुपये किंवा बुडालेल्या कराइतकी रक्कम यांपैकी जे मोठे असेल तेथवर जाऊ शकतो. तीस दिवस उलटून गेल्यामुळे मधल्या काळातल्या बारच्या खरेदीचा सेट-ऑफही हातून जातो. ज्या गाळ्याचा वर्षाचा निव्वळ नफा तीन-चार लाख, तो अशा एका कागदाने बसतो. आणि हे सारे कशामुळे? महिन्याच्या पन्नास हजारांच्या मजुरीमुळे तो चाळीसच्या रांगेतून वीसच्या रांगेत गेला होता, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. यावर उपाय साधा आहे. बिलबुकाच्या स्थळप्रतीवर कोपऱ्यात १ एप्रिलपासूनची चढती बेरीज दर बिलाला लिहीत जावी. पेन्सिलीने लिहिली तरी चालते.

काही बाबतींत तर रेषेची वाट पाहण्याचीही सोय नाही. आपला स्वतःचा माल महाराष्ट्राबाहेर विकला, तर पहिल्या बिलापासूनच नोंदणी लागते, मग ते बिल दोन हजारांचे का असेना. नाशिकहून वापी-सिल्वासा जवळ. तिकडचा एखादा कारखाना बुश मागतो आणि गाळेवाला आनंदाने पाठवून देतो. तेथेच तो सापडतो. उलट मजुरीचे काम परराज्यातल्या गिऱ्हाइकासाठी केले तर मात्र वीस लाखांची रेषा तशीच राहते. हा भेद आम्हाला फारसा तर्कशुद्ध वाटत नाही, पण नियम असा आहे खरा.

आता आमच्या नित्याच्या अनुभवातली एक गोष्ट. मोठे कारखाने हल्ली आपल्याच जुन्या कामगाराला सांगतात, “तू ठेकेदार हो, दहा माणसे आण, जीएसटीचा नंबर घे आणि बिल दे.” माणसे पुरवणे ही सेवा आहे, तेव्हा रेषा वीस लाखांची. दहा माणसांचे पगार व भविष्यनिर्वाह निधी धरून माणशी १६,००० रुपये म्हटले तर वर्षाचे १९,२०,००० झाले. त्यावर ठेकेदाराचा आकार आठ टक्के, म्हणजे १,५३,६००. एकूण बिल २०,७३,६००. ह्या माणसाच्या घरी वर्षाला दीड लाखही धड येत नाही, पण त्याची उलाढाल वीस लाखांवर गेली, कारण कर त्याच्या कमिशनवर नसून सबंध बिलावर आहे. पगाराचा भाग वेगळ्या ओळीत दाखवला म्हणून तो करातून सुटत नाही. कामावर ठेवलेला मनुष्य मालकासाठी जे काम करतो ते मात्र कायद्याने ‘सेवा’ मानलेलेच नाही; त्याला नोंदणीचा प्रश्नच येत नाही. म्हणून एकट्या कामगाराला कुणी नंबर घ्यायला सांगू लागले, तर आपण नोकर आहोत की व्यापारी हे त्याने आधी विचारून घ्यावे. नंबर घेतला की नोकरीचे हक्क कागदोपत्री सैल होतात, आणि कंपनीला पाहिजे असते ते बहुधा हेच.

उलाढाल कमी असूनही आपण होऊन नोंदणी घेता येते. कंपन्या नंबर नसलेल्याला काम देत नाहीत, म्हणून पुष्कळांना ती घ्यावी लागते. त्याने काम मिळते हे खरे. पण एकदा नोंदणी झाली की वीसची आणि चाळीसची रेषा त्याच्यापुरती पुसली जाते. पहिल्या रुपयापासून कर लावावा लागतो आणि काम नसलेल्या महिन्याचेही कोरे विवरणपत्र भरावे लागते. कोरे विवरणपत्र उशिरा भरले तरी दिवसाला २० रुपये विलंबशुल्क पडते. गावी लावणीला गेलेल्या माणसाचे असे हजार-दोन हजार सहज जातात.

आता बिलाकडे वळू. ज्याची नोंदणी नाही त्याने बिल देऊ नये असे कुठेही म्हटलेले नाही. त्याने जरूर द्यावे. नाव, पत्ता, काम, रक्कम लिहावी, आणि वाटल्यास ‘करनोंदणी नाही’ अशी एक ओळ टाकावी. फक्त कर म्हणून एक पैसाही लावू नये. कराच्या नावाने जे घेतले ते सरकारात भरावेच लागते, शिवाय दंडाची पाळी येते. गिऱ्हाइकाने अशा बिलावर “जीएसटी १८ टक्के” लिहून मागितले तरी नाही म्हणावे.

नोंदणी झालेल्याचे बीजक कसे दिसावे, याचा एक नमुना देतो. सातपूरच्या कंपनीसाठी ५०० नगांचे टर्निंग, नगाला २४ रुपये :

कर-बीजक. क्रमांक ४७/२५-२६. तारीख. देणाऱ्याचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक.
बुश टर्निंग, मजुरी (सेवा संकेतांक ९९८८), ५०० नग × २४ = १२,०००
केंद्रीय कर ९ टक्के = १,०८०
राज्य कर ९ टक्के = १,०८०
एकूण = १४,१६०
सही

यातल्या प्रत्येक ओळीला कारण आहे. बीजकाचा क्रमांक आर्थिक वर्षात सलग असावा आणि अक्षरे-आकडे मिळून सोळाहून जास्त नसावा. दोन बिलबुके एकाच वेळी चालवून दोन्हीत ४७ क्रमांक आला तर घोटाळा निश्चित. दुसऱ्या बुकाला वेगळे अक्षर लावावे. जीएसटी क्रमांक पंधरा स्थानांचा असतो. महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने होते, पुढची दहा स्थाने पॅनची. काहीजण बिलावर नुसता पॅनच छापतात. तो जीएसटी क्रमांक नव्हे. कामाचा संकेतांक पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला चार आकडी पुरतो. कराचा दर आणि कराची रक्कम दोन्ही लिहाव्या लागतात. “करासहित १४,१६०” एवढेच लिहिलेले बीजक नोंदणी असलेल्या गिऱ्हाइकाला निरुपयोगी आहे, कारण सेट-ऑफ किती घ्यायचा ते त्यावरून कळत नाही. मालाच्या बीजकाच्या तीन प्रती करतात : गिऱ्हाईक, वाहतूकदार आणि आपण. मजुरीच्या बीजकाला दोन पुरतात, कारण मजुरी ट्रकमधून जात नाही.

कर दोन तुकड्यांत दाखवला तो गिऱ्हाईक राज्यातलेच आहे म्हणून. तेच गिऱ्हाईक वापीचे असते तर दोन ओळींऐवजी एकच ओळ आली असती : एकात्मिक कर १८ टक्के, २,१६०. रक्कम तीच, पण खाते वेगळे. चुकीच्या खात्यात भरलेला कर परत मागता येतो. मात्र बरोबर खात्यात तो आधी पुन्हा भरावा लागतो, आणि लहान माणसाचे पैसे तेवढे दिवस अडकतात.

रस्त्यावरच्या किंवा मेनरोडवरच्या किरकोळ दुकानदाराला एवढा पसारा प्रत्येक वेळी करावा लागत नाही. दोनशे रुपयांहून कमी किमतीच्या विक्रीला, गिऱ्हाइकाची नोंदणी नसेल आणि त्याने बिल मागितले नसेल, तर वेगळे बीजक नको. दिवसअखेर सगळ्यांचे मिळून एक करता येते. शिवाय मालाच्या व्यापाऱ्याला व उत्पादकाला दीड कोटींपर्यंत आपसमेळाची, म्हणजे कंपोझिशनची, सवलत घेता येते. उलाढालीवर एक टक्का भरायचा, गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही, आणि बीजकाऐवजी ‘पुरवठा-बिल’ द्यायचे. त्यावर आपण आपसमेळ योजनेत असून कर वसूल करू शकत नाही असे वरच्या बाजूस छापावे लागते. चिवड्याच्या दुकानाला हे सोयीचे. कंपनीला माल देणाऱ्या गाळ्याला नाही, कारण कंपनीला सेट-ऑफ हवा असतो आणि अशा बिलावर तो मिळत नाही.

शेवटी बीजक दिल्यानंतरची एक गोष्ट राहिली, कारण बहुतेक भांडणे तेथे होतात. बीजक नुसते देऊन भागत नाही. ते आपल्या विवरणपत्रात चढवावे लागते. तेव्हाच ते गिऱ्हाइकाच्या बाजूला, त्याच्या GSTR-2B ह्या पत्रकात, दिसते आणि त्याला सेट-ऑफ घेता येतो. गिऱ्हाइकाच्या क्रमांकातला एक आकडा चुकला तर बीजक त्याच्या पत्रकात येत नाही, आणि कंपनीचा हिशेबनीस सांगतो, “तुमचे बिल दिसत नाही, पेमेंट थांबवले आहे.” असे ऐकू आले तर वाद घालण्याआधी आपल्या विवरणपत्रातला क्रमांक त्यांच्या ऑर्डरवरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. चूक असेल तर पुढच्या विवरणपत्रात दुरुस्त करता येते.

कर मात्र पैसे हाती येण्याची वाट पाहत नाही. आपल्या नमुन्यातले २,१६० रुपये गाळेवाल्याने त्या मुदतीच्या विवरणपत्राबरोबर भरायचे, कंपनीने १४,१६० दिलेले असोत वा नसोत. तीन-तीन महिने पैसे न देणाऱ्या कंपनीचा कर गाळेवाला स्वतःच्या घरातून भरतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. याला थोडासाच आधार कायद्यात आहे : बीजकाच्या तारखेपासून १८० दिवसांत कंपनीने पैसे दिले नाहीत, तर तिने घेतलेला सेट-ऑफ तिला व्याजासह परत करावा लागतो. पैसे मागायला जाताना बीजकाची तारीख आणि त्यापासूनचा एकशे ऐंशीवा दिवस चिठ्ठीवर लिहून न्यावा, आणि ती चिठ्ठी खरेदी विभागात न देता लेखा विभागात द्यावी.